बसून काढलेला एक्स-रे

डॉक्टरसाहेब, उभ्याने काढलेल्या एक्स-रेशिवाय भरती नाही, हा नियम तुमचाच. माझ्या मावशीचे घोटे सुजलेत, धाप लागून तिला उभं राहवत नाही. मी इथलाच एक्स-रेवाला. तिला बसवून समोरून फोटो काढला, त्यात हृदय मोठं आलं.

तुम्ही म्हणालात, "असं काढलं की हृदय मोठं दिसतंच. उभं करून परत काढ."

मावशी म्हणाली, "उभं राहता आलं असतं तर इथे कशाला तडमडले असते रे?"

हृदयाचं तुमचं मान्य. पण दोन्ही फुप्फुसं धुरकट आहेत, तळाचे कोपरे पाण्याने बुजलेत. ते काही बसवल्यामुळे झालं नाही. सकाळपासून ती तुमच्या दारात चाकाच्या खुर्चीत अडकून पडली आहे. तिला भरती करताय की नाही, ते आत्ता सांगा.