ताईची सही

सुताराला वर्कशॉपसाठी जागा पसंत पडली होती. वकीलबाईंनी तीस वर्षांचे दस्त पाहिले, ना गहाण, ना दावा. सुतार बयाण्याचा चेक लिहायला बसला, तोच विकणाऱ्याचा फोन टेबलावर थरथरला. स्क्रीनवर ‘ताई’.

“जागा वडिलांची ना? मग कागदावर तुम्ही दोघे भाऊच कसे?” वकीलबाईंनी विचारलं.

“ताई केव्हाच लग्न होऊन गेली!”

“ती गेली, तिचा हिस्सा नाही गेला. वारसाहक्काचा नोंदणीकृत दस्त होत नाही, म्हणून जुन्या दस्तांच्या शोधात तो दिसला नाही. गहाण-दाव्याचा बोजा नाही म्हणजे मालकी निर्वेध झाली असं नव्हे.”

सुताराने पेनाला टोपण लावलं. “उचला की. सही मागा.”

विकणाऱ्याने फोन उचलून स्पीकरवर टाकला. “ताई, एक सही हवी होती...”

“कसली रे? मला न विचारता जागा विकतोयस?”

सुताराने चेकबुक खिशात टाकलं.