पाचाला एक कमी

कुणाची बाजू मांडायची झाली की शिवांजली आधी चहा मागवायची. त्या दिवशी चहाबरोबर क्रीमरोलही आले, तेव्हा लालासाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बोला मॅडम. काम लय मोठं दिसतंय."

शिरवळच्या एमआयडीसीतल्या त्या दूध कंपनीत शिवांजली माणसं भरायचं काम बघायची. रोज साताऱ्याहून कंपनीच्या बसनं खंबाटकीचा घाट उतरून यायची. लालासाहेब प्रशासनाचे प्रमुख. मूळचे उंब्रजकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. कंपनीत येऊन बरीच वर्षं लोटली तरी त्यांच्या टेबलावरची पेनं अजून परेडला उभी असल्यासारखी रांगेत असायची. जाहिरातीतल्या अटीत सवलत द्यायची तर कारण लिहून त्यांची सही लागायची, आणि आजवर अशी सही कुणी मिळवल्याचं ऐकिवात नव्हतं.

"साहेब, लॅबच्या शिफ्ट इन्चार्जची जागा आहे ना, तिच्यासाठी इंद्रजित सरांना एक मुलगी पसंत पडलीय. माया. सांगलीजवळच्या डेअरीत आहे. कामाला एकदम पक्की."

"मग घ्या की. मला क्रीमरोल कशापायी?"

"अनुभव चार वर्षांचा आहे."

लालासाहेबांनी हातातला क्रीमरोल परत बशीत ठेवला. "जाहिरातीत काय हाय?"

"पाच प्लस."

"झालं मग. पाच म्हंजे पाच. भरतीत उंची बोटभर कमी भरली तर पोरगं घरी जातं. मग त्यो पळण्यात पयला असू दे न्हाईतर आणि कशात."

शिवांजली याच वाक्याची वाट बघत होती. मायाबद्दल तिच्या मनात ओढ होती, हे ती स्वतःशी कबूल करत होती. त्या डेअरीत एकदा मायानं संचालकाच्या मेव्हण्याचा टँकर परत पाठवला होता. दूध नासायला लागलेलं, ते झाकायला त्यात सोडा घातलेला. टँकर परत गेला आणि तेव्हापासून मायाला कायमची रात्रपाळी लागली. जत भागातलं मेंढपाळाचं घर, शिकलेली पहिलीच पोरगी. तिला तिथून सुटायचं होतं, आणि शिवांजलीला तिला सोडवायचं होतं.

"साहेब, केळी विसरलात व्हय?" तिनं विचारलं.

लालासाहेबांची केळी सगळ्या कंपनीला पाठ होती. दर पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला की ती गोष्ट निघायची. कोल्हापूरच्या भरतीत पोरगेल्या लालाचं वजन कमी भरलं, तर पठ्ठ्यानं गेटाबाहेर जाऊन गाड्यावरची केळी पोट फुटेस्तोवर खाल्ली, वर नळाचं पाणी प्यायला, आणि दुपारी काट्यावर उभा राहून फौजेत गेला. केळ्यांचा आकडा दरवर्षी थोडा वाढायचा.

"तुमचं वजन कमी भरलं तर तुम्हाला दुपारी परत बोलावलं," शिवांजली म्हणाली. "हिचं एक वर्ष कमी भरलं तर हिला घरी पाठवायचं. हा कुठला न्याय?"

तिला वाटलं, आता म्हातारा हसणार आणि पेन काढणार. लालासाहेब हसलेही. पण पेन रांगेतच राहिलं.

"व्हय, खाल्ली केळी. पण डॉक्टरनं मला काय एकट्याला कानात सांगितलं न्हवतं. सगळी लाइन हुभी केली आन् वरडला, ज्यांचं ज्यांचं वजन कमी हाय त्यांनी दुपारच्याला परत या. गाडा गेटाबाहेर हुता, ज्याला खायची त्यानं खाल्ली. तुमी काय करतायसा मॅडम? एकाच पोरीला मागल्या दारानं केळं भरवतायसा. बाकीच्यांना गाडा कुठं हाय त्येबी ठावं न्हाई." मग क्रीमरोल उचलून त्यांनी हळूच विचारलं, "ह्या पोरीचा बायोडाटा आला कसा? पाचाची चाळण लावली असंल न्हवं तुमी?"

शिवांजलीचा चेहरा खर्रकन उतरला. चाळण तिनंच लावली होती. नोकरीच्या संकेतस्थळावर पाचाचा आकडा टाकला की त्याखालचे सगळे अर्ज आपोआप बाजूला पडायचे, ते कुणी उघडूनही बघायचं नाही. मायाचा अर्ज त्या चाळणीतून आलाच नव्हता. माया सांगलीत अंबूबाईंच्या माडीवर भाड्यानं राहायची, आणि अंबूबाई म्हणजे शिवांजलीची सख्खी मावशी. "बघ गं शिवा, पोर लय गुणाची हाय," म्हणून मावशीनं बायोडाटा फोनवर धाडला आणि शिवांजलीनं तो तसाच पुढं सरकवला.

एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण तिला रहिमतपूरचा तो फोन आठवला. रविराज नावाचा मुलगा, आवाजात संकोच. "मॅडम, माझी चार वर्षं झालीत. अर्ज करू का?" आणि ती घाईत म्हणाली होती, "पाचची अट आहे हो, उगाच वेळ वाया घालवू नका." त्यानं वर आभार मानून फोन ठेवला होता. विचारलं म्हणून तो बाहेर राहिला, आणि मावशीची भाडेकरू होती म्हणून माया आत आली. दोघांची चारच वर्षं. शिवांजलीला स्वतःची चांगलीच लाज वाटली.

ती तडक लॅबमध्ये इंद्रजितकडे गेली. इंद्रजित गुणवत्ता विभागाचा प्रमुख. माणूस हुशार, पण कागद दिसला की जांभई देणारा.

"सर, ही पाच वर्षांची अट कशासाठी घातली होती आपण?"

"मी कुठं घातली? मागची जाहिरात होती, तीच पुढं ढकलली."

"आणि मागची?"

"ती त्याच्या मागची असेल." इंद्रजितनं डोकं खाजवलं. "मागच्या इन्चार्जला पाच वर्षं झाली होती बहुतेक, म्हणून कुणीतरी पाच लिहिलं."

"मग खरं काय हवंय तुम्हाला?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नसावा. त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. "दूध ओळखता आलं पाहिजे. आणि टँकरवाला दमात घ्यायला लागला तरी खराब दूध परत धाडता आलं पाहिजे. मी फोन उचलला नाही तरी स्वतःच्या हिमतीवर. नवख्याला ते जमत नाही. पण पाचच वर्षं लागतात असंही काही नाही."

शिवांजलीनं तेच लिहून काढलं. अनुभव चार वर्षं किंवा जास्त, आणि दूध नाकारायचा निर्णय स्वतः घेतल्याचा दाखला. जाहिरात नव्यानं लावायची, चाळणीत अडकलेल्या चार वर्षंवाल्या सगळ्यांना कळवायचं, आणि माया धरून सगळ्यांची एकच परीक्षा घ्यायची. लालासाहेबांनी कागद दोनदा वाचला आणि सही ठोकली. "आता गाडा रस्त्यावर आला," म्हणाले.

राहिले दोन फोन. रविराजला केला तेव्हा तो आधी विश्वासच ठेवेना. "पण तुम्हीच नाही म्हणाला होता ना मॅडम?"

"चुकले मी," शिवांजली म्हणाली. "आता अर्ज करा."

मायाला सांगणं जड गेलं. जवळजवळ ठरलेलं काम आपण पुन्हा रांगेत लावतोय, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? तिनं सगळं खरं खरं सांगितलं, चाळणीसकट, मावशीसकट आणि रहिमतपूरच्या फोनसकट.

"म्हंजे मी अंबूमावशीकडं राहत नसते तर तुमाला दिसलेच नसते," माया म्हणाली.

"हो."

"मग येते की मॅडम. सगळ्यांसंगट येते."

मावशी मात्र फुरंगटली. तिनं दोन दिवस शिवांजलीचा फोन उचलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी उचलून एवढंच म्हणाली, "परक्यांचं बरं असतं गं तुज्याकडं."

परीक्षेच्या दिवशी उमेदवारांच्या खोलीत शिवांजली गेली तर टेबलाच्या मधोमध केळ्यांचा भलामोठा घड. कुणी ठेवला हे विचारायची गरज नव्हती. लालासाहेब दारात हात मागं बांधून उभे होते. "सगळ्यांसाठी हायती," ते गंभीरपणे म्हणाले. उमेदवारांना काही कळेना, पण भूक सगळ्यांना लागली होती.

लॅबमध्ये प्रत्येकासमोर दुधाच्या त्याच त्या बाटल्या मांडल्या होत्या. कशात पाणी, कशात पीठ, कशात सोडा, एखादी निव्वळ चांगली. गुंडा नावाचा एक गृहस्थ सात वर्षांचा अनुभव घेऊन आला होता. विचारल्यावर कळलं की सातही वर्षं पॅकिंगला होता. पीठ असलं की दूध निळं करणारं आयोडीन त्यानं भलत्याच बाटलीत ओतलं आणि निळं होईना म्हणून आयोडीनलाच नावं ठेवली. त्याला पाचाची चाळण आरामात पार करता आली असती, हे शिवांजलीच्या ध्यानात आलं आणि तिला हसू आवरेना.

शेवटी दोघंच उरले. माया आणि रविराज. मायानं भराभर काम केलं, पण थोडासाच सोडा असलेली एक बाटली तिच्या हातून चांगली म्हणून सुटली. सोडा असला की तपासणीत दूध गुलाबी होतं; रविराजला त्या बाटलीत फिकी गुलाबी छटा वाटली, म्हणून त्यानं खात्रीच्या चांगल्या दुधाबरोबर ती शेजारी ठेवून परत तपासली आणि पकडली. टँकर परत धाडल्याचं दोघांनीही सांगितलं. मायानं भांडून धाडला होता. रविराजनं ड्रायव्हरला आत बोलावून, चहा पाजून, रंग दाखवून धाडला होता, आणि तो ड्रायव्हर पुढं दूध भरताना स्वतःच वास घेऊन बघायला लागला होता.

इंद्रजितनं रविराजचं नाव घेतलं. लालासाहेबांनी मान हलवली. मग दोघंही शिवांजलीकडं बघायला लागले. एकच बाटली तर चुकली, रात्रपाळीचा शीण असेल, असं म्हणायला तिची जीभ पुढं झाली होती. ती तिनं मागं घेतली. "रविराज," ती म्हणाली.

संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर तिनं मायाला फोन लावला. खालच्या पट्टीत, शेजारच्याला ऐकू जाणार नाही असं बोलली. निवड दुसऱ्याची झाली आणि कुठली बाटली चुकली, तेही सांगितलं.

"ज्यांना आदी नको म्हणून सांगितलं व्हतं, त्येच का?" मायानं विचारलं.

"तेच."

"मला वाटलंच व्हतं. त्यांनी ती बाटली परत उचलली तवाच मी वळखलं. वाईट वाटलं मॅडम. खोटं कशाला बोलू. आज बी रातचीच ड्युटी हाय."

बस घाट चढत होती. पुढं जागा निघाली की नक्की कळवते, मावशीमार्फत नाही, सरळ, असं काहीबाही शिवांजली बोलत राहिली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं ओढणीनं टिपलं.

"आवं मॅडम, रडताय व्हय?" पलीकडून माया चक्क हसली. "पुढल्या वर्षी माजी पाच भरत्यात. तवा तुमी सहा मागू नका म्हंजे झालं."