चोवीसवर घाम

"एसी चोवीस दावतोय, आणि ह्या बायका म्हणत्यात उकडतंय!" हंबीरराव दारातच ओरडले.

इरम हत्यारांची पेटी घेऊन वर आली. एसीची कामं घेणारी ही इंजिनियर हंबीररावांच्या ओळखीतलीच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्याच्या छपराखाली त्यांचा शिवणहॉल होता. शाळेच्या गणवेशांची घाई, बाहेर एप्रिलची दुपार. सकाळीच पारूबाईंना मशीनवर बसल्या जागी चक्कर आली होती. बाकीच्या बायका काम थांबवून उभ्या होत्या.

इरमनं मापं घेतली. हवा खरंच चोवीस. मग तिनं लांबूनच तापमान मोजणारी बंदूक वर छपरावर रोखली.

"काका, पत्रा बावन्न हाय!"

"असू दे की. हवा गार हाय न्हवं?"

"हवा गार, पण पत्रा डोक्यावर शेकतोय. शेगडीजवळ बसल्यागत. आणि तो कूलर कुणी लावला?"

"मीच. जास्त गार व्हावं म्हणून."

"तो पाणी सोडतोय हवेत. दमटपणा पंच्याहत्तर टक्क्यांवर गेलाय. घाम वाळंल कसा? वर पंखे बंद!"

"एसी असताना पंखा कशाला?"

"हवा हललीच न्हाय तर अंगावरचा घाम तिथंच राहतोय. तुमच्या केबिनला पत्र्याखाली दुसरं छत हाय, एसीचा वारा तोंडावर येतोय. पारूबाईंच्या जागेवर बसा, मग बोला."

हंबीरराव चिडून बसले. थोड्याच वेळात त्यांनी टोपी काढली, मग मानेवरून रुमाल फिरवला. बायका एकमेकींकडं बघून हसायला लागल्या.

"व्हय, भाजतंय की गं," ते पुटपुटले.

इरमला आता हुरूप चढला. कूलर बंद झाला. पंखे फिरू लागले. गाडीतून आणलेले, उष्णता अडवणारे चंदेरी फॉइलचे इन्सुलेशनचे तक्ते तिनं आणि शिवणाऱ्या अफसानानं शिडीवर चढून पारूबाईंच्या मशीनच्या रांगेवर, पत्र्याखाली टांगले. मग इरमनं रिमोट उचलला, एसी दमटपणा ओढणाऱ्या 'ड्राय' मोडवर टाकला आणि सव्वीसवर नेला.

"आगं, वाढवतीस काय!" हंबीरराव किंचाळले.

"थांबा जरा. दमटपणा गेला की सव्वीसलाबी घाम वाळतोय."

एसीच्या नळीतून पाण्याची धार लागली. खोलीतला दमटपणा बाहेर निघत होता. इरम मापयंत्र हातात धरून आकडे मोठ्यानं वाचत होती. सत्तर. पासष्ट. साठ. पंच्याहत्तरवरून साठवर आल्यावर टांगलेल्या रांगेखालून पारूबाई ओरडल्या, "आयला, वारं लागलं बघा! अंग कोरडं झालं!"

अफसाना धावत तिथं गेली, परत आपल्या उघड्या पत्र्याखालच्या मशीनकडं आली. "इथं अजून शेकतंय, तिथं न्हाय! हवा तर एकच हाय!"

"तेच सांगतेय मी," इरम हसून म्हणाली.

बायकांनी एकच गलका केला. सगळ्या त्या एका रांगेखाली घुसायला लागल्या. हंबीररावांनी दोन्ही हात वर केले.

"ए, ढकलू नका! इरम, तक्ते आणखी किती हायत? आजच सगळीकडं लाव!"

"गाडीत भरपूर हायत. माणसं द्या."

"माणसं कशाला, मीच येतो की," म्हणत हंबीरराव जिन्याकडं धावले. मागून पारूबाईंचं मशीन खडखडायला लागलं, मग शेजारचं.