बिनसावलीची टाकी

फारूक पॅनलचे फोटो काढायचा ते नवरीचे काढावेत तसे. आधी काचा धुवायच्या, खालच्या वायरी क्लिपा मारून सरळ रेषेत बसवायच्या, मग उन्हात घामाघूम होत मोबाइल फिरवायचा. घोटावडे फाट्यावरच्या त्यांच्या सोलरच्या दुकानात मापं, वायरिंग आणि अक्कल ही खाती धाकट्या बहिणीकडे, उझमाकडे होती. मिरवण्याचं खातं भाईकडे.

आज लवळ्यातल्या मुलींच्या हॉस्टेलच्या कॅन्टीनमध्ये तसाच एक फोटो टेबलावर होता. मालकीणबाई हेमलताताई, जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. गच्चीचं काम त्या एकालाच देणार होत्या, या दोघांना किंवा कासारसाईच्या सोलरवाल्या कुशाबाला. उझमाला ते हवंच होतं. 'पोरगी गच्चीवर चढून काय दिवे लावणार' म्हणणाऱ्या तालुक्याला तिला खरोखर दिवे लावून दाखवायचे होते.

हेमलताताईंनी दोन्ही मोबाइल शेजारी ठेवले. कुशाबाच्या फोटोत एका कोपऱ्यात त्याचाच अंगठा होता, आणि पॅनलखाली वायरी ताटात सांडलेल्या शेवयांसारख्या लोंबत होत्या.

"या अशाच राहणार?"

"वायरी काय, खालीच ऱ्हात्यात. त्येंच्याकडं कोन बगतंय?" कुशाबा म्हणाला. "सावली बगा. जानेवारीत चार वाजता काढलाय. कठड्याची सावली पॅनलच्या अलीकडंच थांबलीया."

ते खरं होतं. पण वायरी स्लॅबवर लोळत होत्या, पावसाळ्यात पाण्यातच राहणार. शिवाय ओळीतला एक पॅनल बाकीच्यांपेक्षा जास्त उभा होता. फारूकच्या फोटोत मात्र सगळे दक्षिणेला तोंड करून एकाच उतारात बसले होते. उझमाने तो अठरा अंशांचा उतार स्वतः मापून घेतला होता. ताईंची मान फारूककडे झुकू लागली. फारूकने चहा मागवला.

मग ताईंनी चष्मा वर केला. "ही शेजारची पाण्याची टाकी. हिची सावली कुठंय?"

"न्हाईच पडत, ताई!" फारूक अभिमानाने म्हणाला.

"सावली पडत न्हाई त्याला आमच्यात भूत म्हंत्यात," कुशाबा म्हणाला आणि फारूकच्याच चहाचा घोट घेतला.

"मे महिन्यात काढलाय ना? भर दुपारी?" ताईंनी विचारलं. "त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो. टाकीच काय, तुमचीसुद्धा सावली पायाखाली जाते. डिसेंबरात काय होतं?"

फारूकने छताकडे पाहिलं. फोटोतली गच्ची त्यांच्या स्वतःच्या घराची होती आणि डिसेंबरही चालूच होता. ओळीतल्या दोन पॅनलांवर सावली आली की सगळ्या ओळीचा जोर उतरतो, हे उझमा गिऱ्हाइकांना घसा सुकेपर्यंत सांगायची. स्वतःच्या गच्चीवर मात्र ती बसवल्यापासून फिरकली नव्हती. वीज कमी होतेय म्हणून तिने इन्व्हर्टर बनवणाऱ्या कंपनीला तेवढ्या शिव्या घातल्या होत्या.

खोटं बोलायला फारूकने तोंड उघडलंच होतं. उझमाने टेबलाखालून त्याचा पाय चेपला आणि अम्मीला फोन लावला. "अम्मी, आत्ताच्या आत्ता गच्चीवर जा. पॅनलचा फोटो पाठव. काही हलवू नकोस."

अम्मी म्हणजे आज्ञाधारक बाई. तिने काहीच हलवलं नाही.

फोटो आला. चार वाजले होते. टाकीची सावली ओळीच्या शेवटच्या दोन पॅनलांवर आडवी पसरली होती. आणि उरलेल्या सगळ्या पॅनलांवर ओल्या गोधड्या वाळत होत्या, अगदी अठरा अंशांच्या उतारात.

कुशाबा चहा फवारून हसला. फारूकने डोकं हातात धरलं.

"अम्मी, गोधड्या?" उझमा किंचाळली.

"मग? कसा छान उतार केलायस गं, पाणी निथळून जातं," फोनमधून अम्मी म्हणाली. "फक्त टाकीकडच्या दोघांवर टाकत नाही. तिथं दुपारनंतर ऊनच नसतं. मागच्या दिवाळीपासून बघतेय मी."

उझमाला लाज वाटली, आणि हसूही आलं. काम तर गेलंच होतं. मग निदान खरं तरी बोलावं. "ताई, टाकीचं चुकलं, ते माझं. ते दोन पॅनल आजच हलवते. पण तुमच्याकडं दोनशे पोरी हायेत. एक रविवार जाऊ द्या, सगळ्या पॅनलवर सलवारी दिसतील. कुणाकडनंही काम करून घ्या, पण आधी पॅनलच्या उत्तरेला दोऱ्या बांधून घ्या. तिकडच्या कपड्यांची सावली पॅनलवर येत न्हाई."

हेमलताताईंनी वर पाहिलं. खिडकीतून गच्चीचा कठडा दिसत होता आणि त्यावर आत्ताच सात-आठ टॉवेल होते.

"कुशाबा, तुम्ही दोऱ्या कुठं बांधणार होता?"

"दोऱ्या? पोरींच्या कपड्याचं मला काय म्हाईत!"

"काम उझमाचं," ताई म्हणाल्या. "पण फोटो फारूकने काढायचे नाहीत. डिसेंबर संपायच्या आत, सकाळी नऊला आणि दुपारी चारला, तुमच्या अम्मी काढतील."

फोन अजून चालूच होता. "काढीन की," अम्मी म्हणाली. "येताना गोधड्या आणू का? तुमच्याकडं टाकी कुठल्या बाजूला आहे?"