खोडलेला रंग

मी दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या वर्गात एक दिवस सोळाच्या सोळा जण खोटं लिहून बसले होते. त्यांत मीही होते.

प्रयोग साधा होता, ग्रॅम रंजनाचा. आदल्या आठवड्यात आम्ही नुसत्या मिथिलीन ब्लूने जिवाणू रंगवले होते. त्यात आकार कळतो, बाकी काही नाही. ग्रॅमच्या पद्धतीत जात कळते, असं मॅडमनी सांगितलं. काचपट्टीवर जिवाणूंचा पातळ थर पसरायचा, ज्योतीवरून नेऊन तो पक्का करायचा. मग क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, अल्कोहोलने काही सेकंद धुवायचं आणि शेवटी गुलाबी सॅफ्रानिन. ज्यांची भिंत जाड, ते अल्कोहोललाही जांभळा रंग सोडत नाहीत, ते ग्रॅम पॉझिटिव्ह. ज्यांची पातळ, ते रंग सोडतात आणि मग सॅफ्रानिनने गुलाबी होतात, ते निगेटिव्ह.

"आज दिलेला जिवाणू बॅसिलस आहे. पॉझिटिव्ह," मॅडम म्हणाल्या. त्यांनी उत्तर आधीच सांगून टाकलं, तिथेच गडबड झाली.

मी भिंगातून पाहिलं तर दांड्यांसारखे जिवाणू दिसत होते, पण बहुतेक गुलाबी. मधूनच एखादा जांभळा. अल्कोहोल जास्त वेळ राहिलं असणार, म्हणून दुसरी पट्टी केली. तीही तशीच. वहीत मी 'गुलाबी' लिहिलं होतं. शेजारच्या मैत्रिणीच्या वहीत डोकावले, तिथे 'जांभळा'. तिच्या पलीकडेही 'जांभळा'. मी खोडरबर घेतलं.

मॅडम वह्या तपासत माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या. कागद उजेडाकडे तिरका धरला.

"इथे आधी काय लिहिलं होतंस?"

त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्याच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग दुसऱ्या टेबलावर, मग तिसऱ्या. सगळीकडे गुलाबी, वह्यांत मात्र जांभळा. शेवटी सरळ उभ्या राहून त्यांनी प्रयोगशाळेतल्या मामांना हाक मारली.

"मामा, या जिवाणूंच्या नळ्या कधीच्या?"

मामा इथले तीस वर्षांपासूनचे परिचर. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. हात पुसत म्हणाले, "मॅडम, कालच्या नळ्या उगवल्याच नाहीत. उबवायच्या पेटीची उष्णता रात्री बंद पडली होती. म्हणून शुक्रवारच्या दिल्या. जिवाणू तोच आहे की. मला वाटलं, काय फरक पडतो?"

त्या दिवशी सोमवार होता.

"तीन दिवसांच्या," मॅडम हळूच म्हणाल्या. त्यांनी आम्हाला हात धुऊन फळ्याजवळ बसायला सांगितलं. सोळा वह्या टेबलावर उघड्याच राहिल्या.

"मी इथे येण्याआधी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होते, हे तुम्हाला माहीत आहे. का सोडलं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही."

त्या फळ्याला टेकल्या.

"एका बस कंडक्टरच्या रक्ताची बाटली आली होती. शनिवारी दुपारी. ताप, मान ताठ. बाटली पेटीत ठेवली आणि दोन दिवस तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. सोमवारी मी पट्टी केली. जोडीजोडीने गोल जिवाणू, गुलाबी. मी निगेटिव्ह लिहून कळवलं. डॉक्टरांनी माझ्या कागदावर भरवसा ठेवून औषध बदललं. बुधवारी दुसरी बाटली आली, ती वेळेवर पाहिली. तेच जिवाणू, गडद जांभळे. पहिल्या बाटलीतले म्हातारे झाले होते, भिंती फुटल्या होत्या, म्हणून रंग गळून गेला होता. मी पाहिलं ते खरं होतं. वाचलं ते चुकीचं."

"आणि ते कंडक्टर?" कुणीतरी विचारलं.

"वाचले. पण दोन्ही कान गेले. डॉक्टर म्हणाले, मेंदूज्वरात ते एरवीही जातात. माझ्यामुळे गेले की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. मीही नाही." त्यांनी खडू उचलला. "महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेले. बोलून उपयोग नव्हता, म्हणून सगळं कागदावर लिहून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. बायको दारात उभी होती. मग त्यांनी खाली एकच ओळ लिहिली: बाटली किती जुनी आहे, ते तुमच्या कागदावर लिहायला जागा नव्हती का?"

"होती?" मी विचारलं. विचारल्यावर जीभ चावली.

"नव्हती. रंगाला रकाना होता, आकाराला होता, वयाला नव्हता. तो रकाना घालून घ्यायला मला वर्ष लागलं. तो छापून आला आणि मी राजीनामा दिला."

फळ्यावर त्यांनी एक रेघ काढली: आधी सपाट, मग चढण, मग पठार, मग उतार.

"नव्या नळीत गेलेला जिवाणू आधी बस्तान बसवतो. वाढ दिसत नाही, पण आत तयारी चालू असते. मग एकाचे दोन, दोनाचे चार, ही भरभराट. मग अन्न संपत येतं, घाण साठते. जितके जन्मतात तितके मरतात. हे पठार. आणि शेवटी मरणारे जास्त. बॅसिलस असेल तर काही जण पोटात बीजाणू धरून बसतात. ते हा रंग घेत नाहीत, पांढऱ्या ठिपक्यासारखे दिसतात. कुठल्या टप्प्यावरचा जिवाणू पाहताय, हे ठाऊक नसेल तर रंग तुम्हाला फसवेल."

मग त्यांनी वयाचा रकाना असलेली चौकट आखली आणि ती आम्ही भरायची असं ठरलं. मामांनी नवीन नळ्या लावल्या. उष्णतेची पेटी त्याच दुपारी दुरुस्त झाली होती. आम्ही पाळ्या लावून घेतल्या. मला शेवटची, बहात्तर तासांची मिळाली. गुरुवारी आमच्या वहीत हे होतं:

| नळीचं वय | टप्पा | गढूळपणा | दिसलेला रंग |
|---|---|---|---|
| १ तास | बस्तान | जवळपास नाही | जांभळा, जिवाणू विरळ |
| ५ तास | भरभराट | झपाट्याने वाढतोय | जांभळा |
| १८ तास | पठार | भरपूर, स्थिर | बहुतेक जांभळा, थोडे गुलाबी |
| ७२ तास | उतार | किंचित कमी | बहुतेक गुलाबी, पांढरे ठिपके |

शेवटची ओळ मी पेनने लिहिली. मामा माझ्या मागे उभे राहून वाचत होते. "माझ्यामुळे पोरांचा एक तास वाया गेला," ते पुटपुटले. मॅडम म्हणाल्या, "मामा, चूक माझी. उत्तर मी आधी सांगितलं नसतं, तर सोळा जणांतलं एक तरी बोललं असतं."

सगळे गेल्यावर मी मागे राहिले. पट्ट्या जंतुनाशकात टाकत विचारलं, "मॅडम, त्या कंडक्टरनी तुम्हाला माफ केलं?"

त्यांनी नळाखाली हात धुतले.

"तो विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. आता डेपोत टेबलावरचं काम करतात. मला कधी दिसले तर हात वर करतात."

"आणि तुम्ही?"

"मीही करते," त्या म्हणाल्या, आणि माझी वही पुढे ओढून त्यांनी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली, मग खाली सही करून तारखेसोबत वेळही लिहिली.