नणंदेकडे ठेवलेल्या नोंदी

कृत्रिम दात बनवणाऱ्या लॅबमधल्या मुख्य कारागिराला सगळे पाठीमागे ‘दाढदुखी’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. हा गृहस्थ काही महिने त्याच लॅबमध्ये काम करणाऱ्या एका घरच्या धाकट्या सुनेच्या, धाकटीच्या, मागे हात धुऊन लागला होता. तिने घासून आणलेला दात सगळ्यांसमोर उंच धरायचा आणि विचारायचं, हा माणसासाठी आहे की घोड्यासाठी? काम मुद्दाम उशिरा द्यायचं आणि उशीर झाला म्हणून तिलाच झापायचं.

धाकटी त्याच्या बोलण्याच्या नोंदी ठेवायची, ते बरोबरच होतं. चुकत होतं ते पुढे. जेवणं झाली की ती त्या उघडून बसे, शब्द सुधारे, द्यायची राहून गेलेली उत्तरं शेजारी लिही, वर नवऱ्याला वाचून दाखवी. झोप उडाली. हात थरथरू लागला, आणि या कामात हात थरथरला की नोकरी गेलीच म्हणायची.

डॉक्टरीणबाईंनी तिला समुपदेशक बाईंकडे धाडलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, “हे तुम्ही कितीदा वाचता?”

रोज, ती म्हणाली.

“तक्रारीसाठी एकदा लिहिलेलं पुरतं. तो एकदा बोलतो. नंतर तुम्हीच त्याला घरी बोलावून पुन्हा ऐकता.”

मग त्यांनी समजावलं, घडलं की लगेच स्वतःच्या फोनवर लिहायचं: तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं. विश्वासाच्या माणसाला पाठवायचं आणि परत उघडायचं नाही. मन मोकळं करायला इथे यायचं.

विश्वासाचं माणूस म्हणून तिला आठवली घरातली थोरली नणंद, जिच्याशी भाजी चिरण्यावरूनही खटके उडत. नणंद म्हणाली, पाठव की, मी काय खाते का! दर संदेशाला तिचं एकच उत्तर येई, ‘मिळालं’. धाकटी फोन पर्समध्ये टाकून चालत घरी निघे. हळूहळू झोप लागू लागली, हातही स्थिरावला. साच्यात प्लास्टर ओतणारे काका एक दिवस आपणहून म्हणाले, मी ऐकलंय, साक्ष देईन.

धाकटीने तक्रार दिली. मालकांनी नेमलेल्या चौकशीत तिला सोबत माणूस आणायची परवानगी मिळाली, तिने नणंदेला नेलं. पहिल्याच प्रश्नाला तिला एक तारीख आठवेना. नणंदेने त्या संदेशांची छापलेली पानं पुढे सरकवली. चौकशीच्या बाईंनी ती वाचली, काकांनी दुजोरा दिला. पुढच्या महिन्यात दाढदुखीकडून देखरेखीचं काम काढून घेतलं.

ते कळलं त्या संध्याकाळी धाकटी नणंदेला म्हणाली, “ताई, तुम्ही होतात म्हणून मी टिकले. आणि बरं झालं, ते घाणेरडं सगळं तुम्ही न वाचताच जपलंत.”

“न वाचता?” नणंद म्हणाली. “अक्षर न् अक्षर वाचलंय. तू दारात यायच्या आत रडून घ्यायची मी, म्हणजे घरी आल्यावर तुला माझी समजूत काढायला नको.”