दस्तऐवज क्रमांक सात

"शून्य पूर्णांक चौसष्ट," कात्री म्हणाली. तो आकडा तिने कुणाच्या तरी तोंडावर फेकून मारावा तसा उच्चारला.

कात्री ही प्रकल्पाची पहिली कोडर, म्हणजे राजकीय मजकुराच्या तुकड्यांना ठरलेले वर्ग देणारी. जाहीरनाम्यातल्या मारुतीच्या शेपटासारख्या वाक्यांचे एकेका मुद्द्यापुरते तुकडे पाडण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते, म्हणून हे नाव. दुसरा कोडर मौनी. त्याला हे नाव का पडले, ते सांगण्याचे कष्टही त्याने कधी घेतले नव्हते.

संशोधन केंद्रातल्या त्या अरुंद खोलीत चौदा जाहीरनामे आणि प्रचाराची भाषणे होती. पक्षाचे नाव, नेत्याचे नाव, चिन्ह, सारे काळ्या पट्टीखाली झाकलेले. ओळख काय ती फक्त क्रमांकाची. चाचणीसाठी निवडलेले तेच दोनशे चाळीस तुकडे दोघांनी वेगवेगळे बसून वाचायचे, एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही आणि वर्गांच्या व्याख्यांचे कोडबुक समोर ठेवून प्रत्येक तुकड्याला एक वर्ग द्यायचा. मग दोघांचे किती जुळले ते पाहायचे आणि निव्वळ योगायोगाने जेवढे जुळले असते तेवढे त्यातून वगळायचे. एक म्हणजे पूर्ण एकमत, शून्य म्हणजे नुसता योगायोग. ऐंशी शतांशांच्या खाली आकडा आला, तर प्रकल्पप्रमुख मॅडम ते कोडिंग हातातही धरत नसत. आणि मौनीचा तीन वर्षांचा प्रबंध त्याच कोडिंगवर उभा होता. मुदत उरली होती सहा महिन्यांची.

"तक्ता लावा," मॅडम म्हणाल्या.

पडद्यावर मतभेदांचा तक्ता उमटला. आडव्या ओळींत कात्रीचे वर्ग, उभ्या रकान्यांत मौनीचे. सत्त्याहत्तर मतभेद इकडेतिकडे विखुरलेले असते, तर कोडबुकाला दोष देता आला असता. पण एकच चौकोन गळवासारखा सुजला होता: कात्रीने ज्याला 'सार्वजनिक सेवा' म्हटले, त्याला मौनीने 'बाहेरच्यांना वगळणे' म्हटलेले. एकोणतीस तुकडे. त्यांतले सव्वीस एकाच दस्तऐवजातले, क्रमांक सात.

"वाचा जरा," कात्री म्हणाली. "'प्रत्येक नळजोडणीवर कुटुंबाची कायम नोंद राहील.' यात बाहेरचा कुठे दिसला तुला? नळातून आला?"

कोपऱ्यातला टंकलेखक फिदीफिदी हसला. मौनीने मान खाली घातली.

"बोल ना. की तेही आम्हीच कोडायचं?"

"नोंद... कायम नोंद," तो पुटपुटला. "भाडेकरूंना, बाहेरून आलेल्यांना, ती मिळणार नाही. म्हणजे पाणीही नाही."

"कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही."

"मग तुला स्वप्न पडलं?"

"पुरे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच अधिक भयंकर होते. "तुम्ही हा मजकूर ओळखलात का?"

खोटे बोलणे सोपे होते. काळ्या पट्ट्या कुणाची साक्ष देणार होत्या? पण त्याला ती वाक्ये पहिल्याच पानावर ओळखू आली होती, जशी जिन्यावरची पावले ओळखू येतात. मोजके ठाम शब्द, किंचित विराम, आणि शेवटी 'राहील'. वडील असेच लिहीत. नेत्यांना भाषणे आणि पक्षाला जाहीरनामे लिहून देण्यात त्यांची हयात गेली होती.

"माझ्या वडिलांनी लिहिलाय," तो म्हणाला. "ही नोंद कशासाठी, ते मी घरी ऐकलंय. जेवताना."

"म्हणजे जेवणाच्या ताटातून कोडिंग!" कात्री उसळली. "माझे चार महिने याच्यापायी पाण्यात गेले, मॅडम. दुसऱ्या कुणी बापाला झाकलं असतं. हा तर उघडा पाडतोय!"

"हेतू चांगला की वाईट, हा प्रश्नच नाही," मॅडम म्हणाल्या. "कोडरने कागदावर आहे ते वाचायचं. फार तर तो परिच्छेद. तुम्ही जे वाचलंत ते कदाचित खरंही असेल, पण तुमच्या जागी दुसरा बसला तर त्याला ते दिसणार नाही. मग ती पद्धत राहत नाही, तो साक्षात्कार होतो. तुमचं सगळं कोडिंग रद्द. नवा कोडर येईल."

"आणि प्रबंध?"

"तो अर्थ कुणीतरी जाहीरपणे बोललेला दाखवा. सभेतलं भाषण आणा, ध्वनिमुद्रित, शब्दशः उतरवलेलं. कोडिंग दुसरे करतील. तुम्ही नाही."

कात्रीने त्याच्या तक्त्यांचा गठ्ठा उचलला आणि त्याच्यादेखत कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात कोंबला.

घरी वडील टेबलाशी लिहीत होते. आई पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती. दोघांच्या मध्ये नेहमीची शांतता होती, जुन्या भाडेकरूसारखी हक्काने बसलेली.

"काय शब्दमोजणी पंडित, आज लवकर?" वडील मान वर न करता म्हणाले.

"मला काढलं. तुमच्या जाहीरनाम्यामुळे."

लेखणी थांबली. त्याने सगळे सांगितले, तुटक तुटक. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि एकच विचारले, "त्या पोरीने कशात टाकलं माझं वाक्य?"

"सार्वजनिक सेवा."

"बघ!" त्यांचा चेहरा उजळला. "याला म्हणतात लिहिणं. साप मेला आणि काठीही शाबूत."

"अहो, पोराचं नुकसान झालंय," आई म्हणाली.

"माझ्यामुळे? याच्याच कानांमुळे! घरात बोललेलं घरात ठेवायचं, एवढी अक्कल शिकवली नाही का याच्या विद्यापीठात?"

"म्हणूनच विचारतोय," मौनी म्हणाला. "रविवारच्या प्रचारसभेत तुमचे नेते ते बोलणार आहेत का? भाडेकरूंचं?"

वडिलांनी टेबलावरच्या भाषणाच्या कागदांवर हात ठेवला. नकळत ठेवला असावा. पण तो हात पाहून मौनीला उत्तर मिळाले.

"त्या सभेला तू यायचं नाहीस."

"सभा खुली आहे, बाबा. कुणीही येऊन ध्वनिमुद्रण करू शकतं."

"माझ्या घरात राहून?"

"बाहेर राहूनही करता येईल."

आईच्या हातातली घडी तशीच राहिली. सत्तावीस वर्षांत या मुलाने बापाला उलट उत्तर दिलेले तिने ऐकले नव्हते.

वडिलांनी तिसरे पान काढले, चष्मा नीट केला आणि मधल्या, भाडेकरूंवरच्या चार ओळींवर लेखणी आडवी ओढली. एकदा, मग पुन्हा, खालचे अक्षर न दिसेपर्यंत. तिथे समासात त्यांनी संथपणे नवे वाक्य लिहिले आणि पान त्याच्यापुढे सरकवले.

'प्रत्येक घराला पाणी, हा आमचा शब्द राहील.'

"घे. जा, कर ध्वनिमुद्रण," ते म्हणाले. "मोजत बस."

मौनीने ते वाक्य वाचले. रविवारी मैदानात हजारो माणसे असतील, आणि खोडलेल्या त्या चार ओळी त्यांतल्या एकाच्याही कानावर पडणार नाहीत. भाडेकरूंच्या वाट्याला निदान त्या दिवशी तरी शिव्या येणार नाहीत. हे आपल्यामुळे झाले, एवढे त्याला कळत होते. पण नळावरची नोंद जिथल्या तिथे होती, आणि आता तिचा अर्थ सांगणारे एकही जाहीर वाक्य उरले नव्हते.

"प्रबंधाचं काय रे मग?" आईने हळूच विचारले.

"दुसरा विषय," तो म्हणाला आणि खोलीत जाऊन त्याने दार लावून घेतले.